कडी, रेघ आणि गोंद : फोटोवरून बाटलीबंद पाण्याची पारख

एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीवर तीन जागा अशा असतात की त्या बाटलीची हकिगत सांगतात: झाकणाखालची कडी, बाटलीच्या अंगावरून जाणारी साच्याची रेघ आणि लेबल चिकटवणारा गोंद. तिन्ही जागा मोबाइलच्या फोटोत पकडता येतात. म्हणूनच बाटली हाती नसताना, कुणी प्रवासातून किंवा लग्नाच्या मांडवातून फोटो पाठवून “ही खरी आहे का?” असे विचारतो तेव्हा जाणकार आधी याच तीन जागा बघतो. मात्र प्रत्येक जागा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. कडी सांगते, हे झाकण बसवल्यापासून फिरवले गेले का. साच्याची रेघ सांगते, बाटली कशी आणि कोणत्या साच्यात फुगवली. गोंद सांगतो, लेबल यंत्राने लावले की हाताने, आणि एकदाच लावले का. पाणी शुद्ध आहे की नाही, याचे उत्तर तिघांपैकी कुणाकडेच नाही. एका जागेचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावले की पारख चुकते, आणि बहुतेक वेळा चूक इथेच होते.

आधी कडी पाहू. झाकण आणि कडी साच्यातून एकच तुकडा म्हणून निघतात. त्यानंतर बहुतेक कारखान्यांत झाकणाच्या खालच्या काठाशी फिरत्या पात्याने चीर पाडतात, पण ती सलग नसते. मध्ये मध्ये प्लॅस्टिकचे अगदी बारीक दुवे शिल्लक ठेवले जातात आणि कडी झाकणाला या दुव्यांनीच जोडलेली राहते. काही झाकणांत दुवे साच्यातच घडवलेले असतात. ते जरा जाड असतात आणि त्यांच्यामधल्या फटी उघड दिसतात. पात्याने चिरलेल्या झाकणावर मात्र नुसती केसासारखी रेषा दिसते.

कडीच्या आतल्या बाजूला दुमडलेली पट्टी किंवा छोटे पंख असतात. बाटलीच्या मानेवर आट्यांच्या खाली एक उंचवटा असतो. झाकण बसवताना हे पंख उंचवट्यावरून खाली घसरतात आणि त्याच्या खाली अडकतात. उघडताना आटे झाकणाला वर ढकलतात, कडी मात्र उंचवट्याखाली अडकून राहते. ताण दुव्यांवर येतो आणि ते कटकट आवाज करत तुटतात. सुटी झालेली कडी खाली सरकून मानेच्या रुंद कॉलरवर टेकते. बाटली ज्या कॉलरला धरून यंत्रात पुढे नेली जाते, तीच ही कॉलर.

एकदा उघडून पुन्हा घट्ट लावलेले झाकण फोटोत ओळखण्याची खूण या हालचालीतच आहे. झाकण कितीही आवळले तरी ते पूर्वीच्याच कोनात, केसभरही न चुकता थांबेल असे क्वचित घडते. शिवाय सुटी कडी हाताच्या धक्क्याने फिरलेली असते. त्यामुळे झाकणाच्या काठावर उरलेले दुव्यांचे वरचे अर्धे आणि कडीवरचे खालचे अर्धे समोरासमोर येत नाहीत. फट मोठी दिसते की लहान, यापेक्षा हे तुटके टोक एकमेकांच्या रेषेत आहेत का हे पाहणे जास्त भरवशाचे. रंगीत झाकणावर ताणून तुटलेल्या टोकांशी प्लॅस्टिक पांढुरके पडलेलेही दिसते.

उलट एखादाच दुवा तुटलेला असेल आणि बाकी सारे शाबूत असतील, तर बाटली उघडली गेली असे म्हणता येत नाही. झाकण बसवणारे यंत्र जास्त जोर लावत असेल किंवा चीर पाडणारे पाते झिजले असेल, तर एखाददुसरा दुवा कारखान्यातच तुटतो. झाकण फिरले असेल तर दुवे एका बाजूने सुरू होऊन ओळीने तुटतात. त्यामुळे तुटलेल्या दुव्यांची संख्या आणि त्यांची जागा या दोन्ही गोष्टी मोजाव्या लागतात, आणि त्यासाठी एक फोटो पुरत नाही. समोरून काढलेल्या फोटोत कडीचा जेमतेम तिसरा हिस्सा नीट दिसतो, बाकीची काठाकडे वळून आकसते. बाटली दर वेळी पाव वळण फिरवून चार फोटो काढले की पूर्ण वर्तुळ हाती येते.

युरोपीय संघात राहणाऱ्या वाचकांनी एक फरक लक्षात ठेवावा. तिथे जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या पेय-बाटल्यांचे प्लॅस्टिकचे झाकण उघडल्यावरही बाटलीला जोडलेले राहिले पाहिजे, असा नियम आहे. अशा झाकणाचा एक जाड पट्टा मुद्दाम न तुटणारा ठेवलेला असतो. त्यामुळे झाकण आणि कडी एका ठिकाणी जोडलेली दिसली म्हणून बाटली बंदच आहे असे समजू नये, बाकीचे बारीक दुवे पाहावेत.

आता कडीची मर्यादा. नवी, कोरी झाकणे हजारांच्या हिशेबाने बाजारात मिळतात. जुन्या बाटलीत पाणी भरून तिच्यावर नवे झाकण दाबून बसवले, तर कडी पूर्ण शाबूत दिसेल, कारण ते झाकण खरोखरच एकदाही उघडलेले नाही. अशा वेळी झाकणाऐवजी मान पाहावी. नवे झाकण बसवण्यापूर्वी जुनी कडी काढावी लागते आणि ती सहसा पात्याने किंवा कात्रीने कापतात. त्या कापण्याचा ओरखडा कॉलरच्या वरच्या बाजूला किंवा उंचवट्याजवळ उरतो. घाईत कडी काढायची राहून गेली, तर एकाच मानेवर दोन कड्या दिसतात. कारखान्यातून निघालेल्या बाटलीला दोन कड्या असूच शकत नाहीत. फोटोतल्या सगळ्या खुणांत ही सर्वांत पक्की.

साच्याच्या रेघांविषयी गैरसमज जास्त आहेत, म्हणून बाटली कशी तयार होते ते जरा सविस्तर पाहावे लागेल. पाण्याची पारदर्शक बाटली पेट या प्लॅस्टिकची असते आणि ती दोन टप्प्यांत बनते. पहिल्या टप्प्यात वितळलेले पेट साच्यात दाबून जाड काचनळीसारखा एक तुकडा करतात. धंद्यात त्याला प्रीफॉर्म म्हणतात. आटे, उंचवटा, कॉलर, म्हणजे बाटलीची संपूर्ण मान, याच टप्प्यात कायमची घडते. दुसऱ्या टप्प्यात प्रीफॉर्मचा फक्त मानेखालचा भाग साधारण शंभर अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, तो दोन अर्ध्या साच्यांमध्ये धरतात, आतून सळईने लांबवतात आणि वातावरणाच्या दाबाच्या पंचवीस ते चाळीसपट दाबाची हवा सोडून फुगवतात. अंग साच्याला चिकटते, थंड होते आणि बाटली बाहेर पडते.

म्हणजे मान आणि अंग वेगवेगळ्या साच्यांत, अनेकदा वेगवेगळ्या गावांत आणि वेगवेगळ्या महिन्यांत घडलेले असतात. दोन्हींवर आपापल्या सांध्याची रेघ असते. मानेवरची रेघ आट्यांना छेदून जाते. अंगावर दोन उभ्या रेघा एकमेकींच्या बरोबर समोर असतात, कारण फुगवण्याचा साचा दोन अर्धांचा असतो. बुडाचा साचा बहुधा वेगळा, तिसरा तुकडा असतो, म्हणून बुडाच्या काठाजवळ एक आडवी गोल रेघही सापडते. बुडाच्या मध्यावर एक छोटा टिंब असतो. प्रीफॉर्मच्या साच्यात प्लॅस्टिक शिरले ती ही जागा.

तापवण्याच्या भट्टीतून जाताना प्रीफॉर्म स्वतःभोवती सतत फिरत असतो आणि साच्यात तो कोणत्याही कोनात येऊन थांबतो. त्यामुळे मानेची रेघ आणि अंगाची रेघ जुळणे हा निव्वळ योगायोग. “वरची आणि खालची रेघ जुळत नाही, म्हणजे बाटली नकली” हा दावा सर्रास ऐकू येतो, पण तो चुकीचा आहे. एकाच खोक्यातल्या बारा अस्सल बाटल्या शेजारी ठेवल्या, तर या दोन रेघांमधले अंतर बाराही ठिकाणी वेगळे निघेल. मग रेघा कशासाठी पाहायच्या? अंगावरच्या दोन रेघा, बुडाची गोल रेघ, खोबण्यांची संख्या, बुडावरचा उठाव आणि साच्याचा क्रमांक हा फुगवण्याच्या साच्याचा ठसा असतो. त्याची तुलना त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या, खात्रीच्या दुकानातून घेतलेल्या बाटलीशी करायची असते. मानेची तुलना करून विशेष काही मिळत नाही, कारण एकाच पुरवठादाराचे प्रीफॉर्म अनेक बाटलीवाले विकत घेतात.

नकली साचा बहुधा तयार बाटलीवरून उतरवलेला असतो. त्यामुळे खोबण्यांच्या कडा बोथट होतात, उठावातली अक्षरे मऊ पडतात आणि सांध्याची रेघ जाड, हाताला लागेल इतकी उंच येते. पण जाड रेघ जुन्या, झिजलेल्या अस्सल साच्यातूनही येते. बुडाचा टिंब मध्यापासून सरकलेला असणे, खांद्यावर मोत्यासारखी झाक दिसणे किंवा बुडाशी दुधाळ धुरकटपणा दिसणे, हे भट्टीचे तापमान आणि सळईची जुळवणी बिघडल्याचे लक्षण. कमी तापलेले पेट ताणले की मोतिया दिसते, जास्त तापले की दुधाळ होते. त्यातून कारागिरी कच्ची आहे एवढेच कळते, फसवणूक ठरत नाही. त्यातच मोठ्या कंपन्या वेगवेगळ्या राज्यांतल्या कंत्राटी कारखान्यांतून बाटल्या भरून घेतात आणि प्लॅस्टिक वाचवण्यासाठी आकारही बदलतात. म्हणून रेघांची साक्ष तिघांत सर्वांत कमकुवत मानावी आणि तिच्यावर एकट्या निकाल देऊ नये.

गोंद मात्र बोलका असतो. पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेले चकचकीत फिल्मचे लेबल पूर्ण चिकटवलेले नसते. यंत्र त्याच्या पुढच्या काठाला वितळलेल्या गोंदाची एक उभी पट्टी लावते आणि तो काठ बाटलीला टेकवते. बाटली स्वतःभोवती एक फेरा घेते, लेबल गुंडाळले जाते आणि मागच्या काठावरची दुसरी गोंदपट्टी त्याच लेबलाच्या सुरुवातीवर चढून बसते. मधले सारे लेबल बाटलीला नुसते लपेटलेले असते. म्हणून अस्सल बाटलीच्या लेबलाच्या सांध्यापाशी गोंदाच्या दोन सरळ, उभ्या, एकसारख्या रुंदीच्या पट्ट्या दिसतात आणि बाकी ठिकाणी गोंद नसतो. हाताने लावलेल्या लेबलात गोंद ठिपक्याठिपक्यांनी किंवा फराटे मारल्यासारखा पसरतो, सांध्याचे दोन काठ तिरके होतात, वरच्या आणि खालच्या कोपऱ्यांत फरक पडतो. गोंद पाण्यात विरघळणारा असेल तर थंडगार बाटलीला घाम फुटताच लेबल सरकते.

इथेही घाई नको. गोंद नीट तापला नाही की यंत्राने लावलेल्या लेबलाचाही कोपरा उघडा पडतो. काही कंपन्या गरम हवेने आकसणारी नळीसारखी लेबले वापरतात, त्यांत गोंद नसतोच. काही जण पूर्ण चिकटणारे स्टिकर वापरतात, त्यांत गोंद सगळीकडे असतो. आधी लेबल कोणत्या जातीचे हे ठरवावे आणि मगच गोंदाकडे पाहावे.

पारखण्याजोगा फोटो काढण्याची रीतही या तीन जागांप्रमाणे वेगवेगळी आहे. कडीसाठी कॅमेरा बरोबर कडीच्या उंचीवर हवा. वरून काढला तर सरळ बसलेली कडीही एका बाजूला कलल्यासारखी दिसते. फोन अगदी जवळ नेण्यापेक्षा वीतभर मागे राहून दुप्पट झूम करावे, म्हणजे गोलाई कमी फसवते. रेघांसाठी बाटलीमागे गडद कागद आणि उजेड एका बाजूने हवा, समोरचा फ्लॅश रेघ पुसून टाकतो. गोंदासाठी उलट, उजेड मागून यावा. खिडकीसमोर बाटली धरली की पाण्यातून पलीकडच्या लेबलाची आतली बाजू दिसते आणि गोंदाच्या पट्ट्या ठळक होतात. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर तो आकसतो आणि केसाएवढे दुवे सर्वांत आधी नाहीसे होतात. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ बारकावा टिकतो. कडीची चीर नीट दिसत नसेल तेव्हा “कडी शाबूत” असा निष्कर्ष काढणे ही फोटोवरच्या पारखीतली सर्वांत मोठी चूक. न दिसणे आणि नसणे यांत फार अंतर आहे.

तिन्ही जागा एकत्र कशा वाचायच्या, हे एका नमुना उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एसटी स्थानकाबाहेरच्या टपरीवर घेतलेल्या एक लिटरच्या न उघडलेल्या बाटलीचे सात फोटो आले आहेत: कडीचे चार, अंगाचा एक, बुडाचा एक आणि खिडकीसमोर धरून काढलेला लेबलाचा एक. कडीच्या चारही फोटोंत चीर एकसारखी बारीक आहे, दुवे सगळे जोडलेले आहेत. पाठवणाऱ्याला शंका आहे ती मानेची रेघ अंगाच्या रेघेपासून अंगठाभर सरकलेली आहे म्हणून. ही शंका निराधार, ती बाजूला ठेवावी. बुडाचा टिंब मध्यावर आहे, साच्याचा क्रमांक स्पष्ट आहे, खोबण्या खात्रीच्या बाटलीशी जुळतात. इथवर सारे ठीक.

लेबलाच्या फोटोत मात्र सांध्यापाशी असायच्या दोन गोंदपट्ट्यांखेरीज, बाटलीच्या दुसऱ्या बाजूला, आणखी एक तपकिरी उभी पट्टी दिसते. यंत्राने चुकून जास्त गोंद टाकला असेल का? तसे असते तर तो गोंद स्वच्छ असता आणि लेबल त्याला चिकटलेले असते. इथे पट्टीत धूळ रुतलेली आहे, जुन्या फिल्मचा एक चिंधीएवढा तुकडा अडकला आहे आणि नवे लेबल तिच्यावरून नुसतेच गेले आहे. म्हणजे या बाटलीला याआधी एक लेबल लागून निघाले आहे. आता पुन्हा मानेच्या फोटोकडे जावे. कडीखाली कॉलरवर एक तिरका ओरखडा आहे, जो आधी उजेडाची तिरीप वाटला होता. खांद्यावर आणि बुडाजवळ, जिथे बाटल्या एकमेकींवर घासतात, तिथे खरखरीत पांढरट पट्टे आहेत. लेबलावर भरल्याची तारीख आठ दिवसांपूर्वीची आहे. घासण्याचे पट्टे एकटे असते तर खडतर वाहतुकीवर ढकलता आले असते. जुना गोंद आणि कॉलरचा ओरखडा यांच्या जोडीने पाहिल्यावर अर्थ एकच उरतो: बाटली अस्सल, कडी शाबूत, पण बाटली दुसऱ्यांदा भरलेली आणि झाकण नवे. कडीवर भिस्त ठेवली असती तर ही बाटली खरी ठरली असती, रेघांवर ठेवली असती तर नको त्या कारणाने खोटी ठरली असती.

याच कारणाने पाण्याच्या बाटल्यांवर वापरानंतर बाटली चुरगाळून टाकण्याची सूचना छापलेली असते आणि रेल्वेस्थानकांवर बाटल्या चिरडणारी यंत्रे बसवली आहेत. सरळ, न दबलेली रिकामी बाटली हाच पुन्हा भरणाऱ्याचा कच्चा माल. चुरगाळलेल्या पेटवर पांढऱ्या घड्या कायमच्या उमटतात आणि ती पुन्हा विकता येत नाही.

वीस लिटरच्या जारला ही पारख लागू पडत नाही. तो जार मुळातच परत घेऊन धुऊन पुन्हा भरण्यासाठी असतो, त्यामुळे ओरखडे आणि जुन्या गोंदाचे डाग त्याच्यावर असणारच. तिथे पाहायचे ते झाकण, त्याची फाडायची पट्टी आणि भरणाऱ्याचा परवाना क्रमांक. गल्लोगल्ली येणाऱ्या थंड पाण्याच्या बिनलेबलच्या जारवर यातले काहीच नसते, ते सुटे पाणी आहे असेच धरावे.

छापील मजकुराचाही आधार घेता येतो. अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक चौदा अंकी असतो आणि तो ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या ॲपवर तपासता येतो. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह बाटलीबंद पाण्याला २००१ पासून सक्तीचे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही सक्ती काढली गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे पाणी जास्त जोखमीच्या अन्नाच्या यादीत घेतले. म्हणून चिन्ह नाही एवढ्यावरून आज बाटली नकली ठरत नाही. चिन्ह छापलेले असेल तर मात्र त्यासोबतचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळून पाहावा. कंपनी आणि पत्ता जुळला पाहिजे. क्रमांक खरा असणे पुरेसे नाही, तो दुसऱ्याचाही उतरवलेला असू शकतो.

फोटोतून संशय पक्का झाला तरी तो पुरावा होतो तो बाटलीच्या जोडीने. म्हणून बाटली उघडू नये. उघडताच कडी तुटते आणि आतल्या पाण्याची जंतूंसाठी केलेली तपासणीही वादात सापडते. फोटो मूळ स्वरूपात ठेवावेत, दुकानाचे नाव, तारीख आणि पावती जपावी, शक्य असेल तर त्याच खोक्यातली आणखी एक बंद बाटली घ्यावी आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.